चुका पेरल्या, उगवलं भलतंच

*नमस्कार ताई,*

*मी घरून लेख लिहून देते. आरोग्य, शिक्षण असे विषय असतात. एका ग्राहकाकडे हल्ली लेख आला की आधी एआय डिटेक्टरमध्ये टाकतात. झोपेवरचा माझा लेख मी स्वतः लिहिला होता, तरी तो "82 टक्के एआय" म्हणून परत आला. लिहिणाऱ्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी सांगितलं, थोड्या चुका टाका, आकडा खाली येतो. टाकल्या. आकडा 30 च्या खाली आला. पण संपादकांनी लेख परत पाठवला आणि वर एकच ओळ लिहिली : "या चुका तुमच्या नाहीत. हे काय चाललंय?" त्यांना काय उत्तर देऊ? आणि पुढच्या वेळी काय करू? मूळ आणि बदललेला लेख सोबत पाठवते आहे.*

*– एक मुक्त लेखिका*

---

दोन्ही लेख शेजारी शेजारी ठेवून वाचले. संपादकांना कसं कळलं, तिथूनच सुरुवात करते, कारण ते नीट समजलं तर बाकीची उत्तरं सोपी होतील.

तुमच्या बदललेल्या लेखातला एक परिच्छेद असा आहे :

"किशोरवयिन मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. या वयात शरीरातलं घड्याळ उशिरा सरकतं, म्हणुन रात्री लवकर झोप येत नाही आणी सकाळी उठणं जड जातं. तज्ज्ञांच्या मते शाळेची वेळ उशिरा ठेवणं त्यामुळेच महत्त्वाचं ठरतं."

तीन चुका आहेत : किशोरवयिन, म्हणुन, आणी. आता बरोबर काय आहे तेही बघा. "तज्ज्ञ" बरोबर आहे. मराठीत लिहिणाऱ्या दहाजणांना हा शब्द लिहायला सांगितलात तर निम्मे तरी "तज्ञ" लिहितील. "महत्त्व" दोन त सकट बरोबर आहे. तिथेही "महत्व" लिहिण्याचीच सवय सर्रास दिसते. "उशिरा" हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा शि ऱ्हस्व आहे. "उशीर" वरून तो "उशीरा" असा लिहिण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. म्हणजे जिथे माणूस हमखास अडखळतो ती सगळी ठिकाणं तुम्ही पार केलीत, आणि जे "आणि", "म्हणून" दिवसातून शंभरदा लिहिले जातात, फोनचा कीबोर्ड ज्यांचं बरोबर रूप स्वतःच पुढे करतो, तिथे मात्र घसरलात. "आणी" लिहायचं तर सुचवलेला शब्द नाकारून मुद्दाम लिहावं लागतं. त्यातून पुढच्याच परिच्छेदात "आणि" चार वेळा आलं आहे आणि चारही वेळा बरोबर.

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाचा डोळा चुका एकेकट्या बघत नाही, त्यांची ठेवण बघतो. ज्याला "तज्ज्ञ" येत नाही तो "उज्वल"ही लिहितो, "पारंपारिक"ही लिहितो आणि "आशिर्वाद"ही देतो. ज्याला हे सगळं येतं पण घाईत आहे, त्याच्या चुका निराळ्या असतात : अक्षर सुटतं, दुप्पट होतं, शेजारची कळ दाबली जाते. फ्रेडरिक डॅमेरो यांनी 1964 साली इंग्रजी मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका तपासल्या, तेव्हा 80 टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारांत बसल्या : एक अक्षर चुकीचं, एक गळलेलं, एक जास्तीचं, किंवा शेजारची दोन अक्षरं उलटसुलट. शुद्धलेखन तपासणारी बरीच साधनं याच निरीक्षणावर उभी राहिली. थोडक्यात, घाईच्या चुकीला हाताची वाट असते आणि अज्ञानाच्या चुकीला कानाची. तुमच्या तीन चुका दोन्हीकडे बसत नाहीत. तिन्ही ऱ्हस्व-दीर्घाच्याच आहेत, तिन्ही साध्या शब्दांत आहेत, आणि लेखभर बघितलं तर दर परिच्छेदात दोन-तीन अशा मोजून मापून पडल्या आहेत. खऱ्या चुका अशा समान वाटल्या जात नाहीत. त्या घोळक्याने येतात, बहुतेक वेळा जिथे लिहिणारा थकलेला असतो किंवा जिथे त्याने वाक्य तीनदा फिरवलेलं असतं, तिथे.

माझ्या लेखी माणसाच्या हातची सर्वांत खरी खूण शुद्धलेखनात नसतेच. ती अर्धवट दुरुस्त केलेल्या वाक्यात असते. उदाहरणार्थ, "हा प्रकल्प दोन वर्षांपूर्वी सुरू झाली." आधी तिथे "ही योजना" होतं, लिहिणाऱ्याने कर्ता आणि "ही" बदललं, क्रियापद बदलायचं राहिलं. हे वाचताना मला लिहिणाऱ्याचा हात दिसतो. "आणी" वाचताना दिसत नाही. म्हणून आता अशी वाक्यंही पेरू नका, हे सांगायची गरज नसावी; तीही चूकच आहे, आणि मुद्दाम बनवली की तिचाही साचा होतो.

आता आकडा खाली का आला ते बघू. बरीचशी डिटेक्टर साधनं मजकूर किती अपेक्षेप्रमाणे पुढे जातो ते मोजतात. भाषेचं एक मॉडेल प्रत्येक शब्दाच्या जागी विचारतं : आधीचं वाचून मला हा शब्द किती अपेक्षित होता? सगळीकडे उत्तर "बराच अपेक्षित" असं आलं तर मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता जास्त धरली जाते. या अनपेक्षितपणाच्या मापाला परप्लेक्सिटी म्हणतात. तुम्ही "आणि"चं "आणी" केलंत की त्या जागी मॉडेलला एक अनोळखी तुकडा मिळतो, अनपेक्षितपणा उसळतो आणि सरासरी बदलते. लेख जास्त मानवी झाला म्हणून आकडा उतरला, असं काही घडलेलं नाही. ठिकठिकाणी खडे पडले, एवढंच.

आणि हे खडे काढायला काय लागतं? संपादकांनी शुद्धलेखन तपासून तोच मजकूर पुन्हा टाकला की आकडा जवळपास मूळ जागी जाणार. त्यातून तुमचा लेख छापण्याआधी मुद्रितशोधकाकडे जाणारच होता. त्याचं कामच असे शब्द सरळ करण्याचं. म्हणजे वाचकापुढे जाणारा आणि पुढे कुणीही तपासेल तो मजकूर अखेर तुमचा पहिलाच, 82 टक्केवाला. चुकांचा उपयोग झाला तो फक्त दारातल्या एका तपासणीपुरता, आणि तिथेच त्या पकडल्या गेल्या. शिवाय डिटेक्टर बनवणाऱ्यांनाही ही युक्ती ठाऊक आहे. मुद्दाम घातलेल्या चुका, उलटसुलट मोठी-छोटी अक्षरं, जास्तीच्या मोकळ्या जागा असे प्रकार घालून आपली साधनं तपासून बघणं हा त्यांच्या कामाचा नेहमीचा भाग आहे.

इथे तुमच्यावर अन्याय झाला आहे, हेही स्पष्ट म्हणते. आरोग्यावरचा माहितीपर लेख मुळातच अपेक्षित वळणाने जातो. तथ्यं ठरलेली, सांगण्याची पद्धत ठरलेली, वाक्यं सरळ. असा मजकूर माणसाने लिहिला तरी साधनाला संशयास्पद वाटू शकतो. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरांपुढे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले 91 निबंध ठेवले. ते सगळे माणसांनी लिहिले होते, तरी सरासरी 61 टक्के वेळा ते यंत्राचे ठरले. कारण तेच : शब्दसंग्रह मर्यादित, वाक्यरचना साधी. त्याच वर्षी ओपनएआयने आपलं स्वतःचं डिटेक्टर अचूकता कमी पडते म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. जाहीर करताना त्यांनीच सांगितलं होतं की ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्केच ओळखतं आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी 9 टक्के चुकून एआयचा ठरवतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या साधनातली एआय ओळखण्याची सोय ऑगस्ट 2023 मध्ये बंद केली. तेव्हा "82 टक्के" हा पुरावा नाही, एक अंदाज आहे, असं म्हणायला तुमच्याकडे भक्कम जागा होती.

होती, म्हणते आहे. कारण सगळ्यात मोठं नुकसान मला इथेच दिसतं.

ज्याच्यावर खोटा आळ येतो त्याच्याकडे एक साधा बचाव असतो : मजकूर कसा वाढत गेला ते दाखवणं. गूगल डॉक्समध्ये "आवृत्ती इतिहास" उघडला की कुठल्या दिवशी किती लिहिलं, काय खोडलं, कुठला परिच्छेद वरून खाली गेला, सगळं दिसतं. कुणाही लिहिणाऱ्याचा इतिहास एकाच दिशेने जातो. सुरुवातीचा मसुदा कच्चा, चुकांनी भरलेला. हळूहळू वाक्यं सुधारतात, चुका कमी होतात, शेवटची आवृत्ती सगळ्यात स्वच्छ. तुमच्या लेखाचा इतिहास आज कुणी उघडला तर काय दिसेल? तीन दिवस मजकूर सुधारत गेला, स्वच्छ झाला, आणि शेवटच्या पाच-दहा मिनिटांत त्यात डझनभर शब्द बिघडवले गेले. एकही वाक्य बदललं नाही, फक्त वेलांट्या आणि उकार. तुमची बाजू मांडणारा एकमेव कागद तुमच्याविरुद्धच बोलायला लागला. लेख तुम्हीच लिहिला, हे तो अजूनही सिद्ध करतो, पण त्याबरोबर हेही सिद्ध करतो की तुम्ही संपादकांना फसवायला निघाला होतात. आणि संपादकांच्या मनात या फसवणुकीची जखम यंत्राची मदत घेतल्याच्या संशयापेक्षा खोल जाते. यंत्राची मदत घेणं हा धोरणाचा प्रश्न असतो, त्यावर बोलता येतं. मुद्दाम बिघडवलेली प्रत पाठवणं हा विश्वासाचा प्रश्न होतो.

त्यातून तुमचा विषय आरोग्याचा. वाचक आणि संपादक चुकांवरून माणसाचा अंदाज बांधतात, हे काही नवं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलँड आणि रॉबिन क्वीन यांनी 2016 मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. घरात सोबत राहायला कुणी हवंय, अशा जाहिरातीला आलेल्या ईमेल लोकांना वाचायला दिल्या. काहींमध्ये टायपिंगच्या चुका होत्या, काहींमध्ये व्याकरणाच्या, काही स्वच्छ होत्या. चुका असलेल्या ईमेल लिहिणाऱ्यांना वाचकांनी सोबती म्हणून कमी गुण दिले. तिथे प्रश्न फक्त घर वाटून घेण्याचा होता. तुमच्या लेखात "8 ते 10 तास" असा आकडा आहे. त्याच वाक्यात "किशोरवयिन" दिसलं की तपासणारा थांबतो : इथे हात चुकला, तर आकड्यातही चुकला असेल का? 8 ते 10 आहे की 6 ते 8? आता त्याला प्रत्येक आकडा पुन्हा शोधून बघावा लागणार. तुम्ही चार शब्द बिघडवलेत, आणि एक अख्खी संध्याकाळ त्याच्या डोक्यावर टाकलीत. तुमचा आकडा बरोबर निघाला तरी पुढच्या लेखाच्या वेळी ती संध्याकाळ त्याला आठवणार.

जाता जाता, त्या ग्रुपवर आणखी एक सल्ला नक्की फिरत असेल, तो ऐकू नका : दिसायला सारखी पण वेगळ्या लिपीतली अक्षरं घालणं किंवा शब्दांच्या मध्ये न दिसणारी मोकळी जागा सोडणं. डोळ्याला काही कळत नाही हे खरं, पण संपादकांनी "झोप" शोधायला लावलं आणि समोर दिसत असलेला "झोप" सापडला नाही, की खेळ संपला. टर्निटिन तर बदललेली आणि लपवलेली अक्षरं वेगळी काढून खूण करून दाखवतं. देवनागरीत काही अदृश्य जोडचिन्हं कायदेशीरपणे येतात, जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या "ऱ्या"मध्येही ती असू शकतात, त्यामुळे एखादं सापडलं म्हणून कुणी दोषी ठरत नाही. पण साध्या शब्दांच्या मधोमध ओळीने सापडली तर त्याला खुलासा नसतो. टंकलेखनाची चूक म्हणून "आणी" तरी खपवता येईल. हे खपत नाही.

आता संपादकांना उत्तर. लवकर द्या, छोटं द्या, आणि डिटेक्टर कसे वाईट असतात यावर व्याख्यान देऊ नका. ते सगळं खरं असलं तरी या पत्रात ते सबबीसारखं वाचलं जाईल. मी असं काहीसं लिहीन :

"नमस्कार. तुम्ही बरोबर ओळखलंत. लेख मी स्वतः लिहिला आहे. तपासणीत 82 टक्के आल्यावर घाबरून मी त्यात मुद्दाम चुका घातल्या. ते चुकीचं होतं. मूळ स्वच्छ प्रत सोबत जोडते आहे. माझ्या फाइलचा पूर्ण आवृत्ती इतिहासही पाहायला देते. त्यात मसुदा कसा वाढला ते दिसेल आणि शेवटी घातलेल्या चुकाही दिसतील. आकड्यांचे मूळ स्रोत वेगळे लिहून पाठवते आहे."

यातलं शेवटून दुसरं वाक्य गाळावंसं वाटेल. गाळू नका. इतिहास दिलात की चुका त्यांना दिसणारच आहेत. तुम्ही आधी सांगितलं असेल तर तोच कागद तुमच्या बाजूने राहतो. फाइल पाठवण्याआधी जुन्या आवृत्त्या पुसून नवी प्रत करण्याचा विचारही नको. इतिहास नसलेली, एका फटक्यात चिकटवलेली फाइल संशय उलट वाढवते. आणि लेखात खरोखर कुठे यंत्राची मदत घेतली असेल, समजा शीर्षकाला किंवा एखाद्या परिच्छेदाच्या पहिल्या मसुद्याला, तर तेही याच पत्रात एका वाक्यात सांगून टाका. नंतर निघालं तर हे पत्रही खोटं ठरेल.

ते तुम्हाला पुन्हा काम देतील का, हे मी सांगू शकत नाही. काही संपादक देतात, विशेषतः उत्तर दुसऱ्याच दिवशी आणि सरळ आलं तर. काही देत नाहीत, आणि तेही समजण्यासारखं आहे.

पुढच्या लेखापासून पहिला शब्द ज्या फाइलमध्ये लिहाल त्याच फाइलमध्ये शेवटचा लिहा. फोनवर टिपलेलं असेल तर तेही कच्चं, तसंच त्याच फाइलच्या तळाशी चिकटवा, नीट करून नको. पहिला पूर्ण मसुदा झाला की त्या आवृत्तीला नाव द्या, कारण गूगल डॉक्स जुन्या आवृत्त्या कधीकधी एकत्र करतं. नाव दिलेल्या सहज सापडतात. कुठून काय घेतलं त्याची यादी वेगळी ठेवा. बोलून माहिती घेतली असेल तर तारखेसकट टिपण ठेवा. हे सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही टक्केवारीपेक्षा ते जास्त बोलतं.

कामाला सुरुवात करण्याआधी ग्राहकाला दोन गोष्टी लेखी विचारा. कुठलं साधन वापरता, आणि आकडा जास्त आला तर पुढची पायरी काय? "आम्ही मसुदा मागतो" असं उत्तर आलं तर काहीच अडचण नाही. "आकडा 20 च्या वर गेला तर लेख रद्द, पैसे नाहीत" असं उत्तर आलं, तर तिथेच सांगा की मराठी लेखाला ही अट तुम्ही मान्य करू शकत नाही. या साधनांच्या बहुतेक जाहीर चाचण्या इंग्रजी मजकुरावर झालेल्या आहेत, हे कारण पुरेसं आहे. आकड्याच्या जागी मसुद्याचा इतिहास आणि स्रोतांची यादी देण्याची तयारी दाखवा. बरेच ग्राहक ऐकतात, कारण त्यांनाही त्या आकड्याचं नेमकं काय करायचं ते ठाऊक नसतं. जो ऐकत नाही त्याचं काम घ्यायचं की नाही ते तुमच्या गरजेवर ठरवा. घेतलंत तर लेख स्वच्छच पाठवा, आणि आकडा वर आला तर फाइलचा दुवा त्याच ईमेलमध्ये द्या.